रेट कमी करा म्हणायचं नाही, काय काढू ते विचारायचं: बॉक्सच्या खरेदीतून शिकलेलं

तासगाव-सांगली भागात बेदाण्याचं काम करणाऱ्या एका पॅकिंग युनिटमध्ये मी खरेदी बघते. यंत्रं, क्रेट, प्लास्टिक लायनर, लेबल सगळं घ्यावं लागतं, पण सगळ्यात जास्त पैसा जातो तो पंधरा किलोच्या कोरुगेटेड बॉक्समध्ये. या कामात नवीन आलेल्या मुलामुलींना सांगावं असं जे काही माझ्याकडे आहे, ते बहुतेक या बॉक्सनेच शिकवलं.

पहिल्या वर्षी मी भाव कमी करून घ्यायचे ते सगळे जसे करतात तसंच. कोटेशन आलं की फोन लावायचा आणि "एवढा कसा हो रेट? दुसरा अडतीसला देतोय" असं म्हणायचं. त्या वर्षी एका पुरवठादाराने बेचाळीसचा रेट वाद न घालता अडतीसवर आणला. शेठ खूश, मीही खूश. जुलैत कोल्ड स्टोरेजमधून फोन आला की थप्पीतले खालचे बॉक्स बसलेत, कडा फुगल्यात. थप्पी दहा बॉक्सची होती, म्हणजे सर्वांत खालच्या बॉक्सवर नऊ भरलेल्या बॉक्सचं, जवळजवळ १४० किलोचं वजन. आधीच्या लॉटचा एक रिकामा बॉक्स आणि हा नवा बॉक्स मी काट्यावर ठेवले. जुना ६०० ग्रॅमच्या आसपास भरला, नवा ५१०. दोन्ही पाच प्लायचेच, म्हणजे कागदाच्या पाच थरांचे, दिसायला सारखेच. चार रुपये माझ्या बोलण्याने कमी झालेच नव्हते, ते कागदातून निघाले होते.

त्या माणसाला मी आजही फसवा म्हणत नाही. ऑर्डरमध्ये मी फक्त "पाच प्लाय" एवढंच लिहिलं होतं, आणि रेट पाडताना त्यातलं काय सोडायचं हे सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नाही म्हणून त्याने ठरवलं, आणि जिथे माझी नजर जाणार नाही तिथून काढलं.

तेव्हापासून मी उलट करते. बजेट किती ते खरं सांगते आणि त्यात बसण्यासाठी कामातलं काय कमी करायचं ते स्वतः पुढे ठेवते. मागच्या हंगामातला व्यवहार सविस्तर सांगते.

कुपवाड एमआयडीसीतले एक बॉक्सवाले आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ५,००० बॉक्सचं त्यांचं कोटेशन ४४ रुपयांचं आलं, जीएसटी वेगळा. म्हणजे २,२०,००० रुपये. शेठनी मला १,८०,००० मंजूर केले होते. भागाकार केला तर बॉक्सला ३६ रुपये.

इथे दोन गोष्टी आधी करायच्या असतात. एक, बजेटचा आकडा कोटेशन हातात येण्याआधी बोलायचा नाही. आधी बोललात तर कोटेशन त्याच आकड्याला चिकटून येतं, आणि आपल्या मागणीची खरी किंमत काय हे कधी कळतच नाही. दुसरी, ३६ रुपये शक्य आहे का याचा आपला अंदाज असावा. साधा, छपाई नसलेला तपकिरी बॉक्स या धंद्यात किलोवर मोजतात, आणि त्या किलोच्या दरात कागद, डिंक, मजुरी आणि त्यांचा नफा असं सगळं येतं. अण्णांचा त्या वेळचा दर किलोला ५८ होता. ६०० ग्रॅमचे ३४ रुपये ८० पैसे झाले. म्हणजे ३६ म्हणताना छपाई आणि गाडीभाड्यासाठी मी त्यांच्यापुढे एक रुपया वीस पैसे ठेवत होते. एवढ्यात ते बसणार नाही हे मला फोन करण्याआधीच ठाऊक होतं. हा हिशोब केला नसता, तर मी ३६वर अडून बसले असते आणि पुन्हा ५१० ग्रॅमचा बॉक्स घेतला असता.

मग अण्णांना मेसेज पाठवला. तो जवळपास असा होता:

"नमस्कार अण्णा. कोटेशन मिळालं, जे मागितलं होतं त्याला रेट बरोबरच वाटतोय. आमच्याकडे या वेळी १,८०,००० आहेत, जीएसटी वेगळा. त्यामुळे मागणीतच थोडी काटछाट करावी लागेल. पाच प्लाय आणि १५० जीएसएमचा कागद तसाच पाहिजे, त्याला हात लावायचा नाही. वरचा पांढरा कागद, छपाईचे रंग, गाडीच्या फेऱ्या आणि पेमेंटची मुदत यात आम्ही मागेपुढे होऊ शकतो. यातलं काय काढलं तर किती फरक पडेल ते सांगाल का? उद्या दुपारनंतर मी येऊन बसते."

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. या मेसेजमधली प्रत्येक ओळ ठरवून लिहिलेली आहे. "रेट बरोबरच वाटतोय" हे वाक्य गोड बोलण्यासाठी नाही. अडचण तुमच्या दरात नाही, माझ्या पैशात आहे, हे त्यातून पहिल्या झटक्यात कळतं. तीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसाला "लई लावलंय तुम्ही" म्हटलं की तो आधी स्वतःची बाजू सांगायला लागतो, आणि मग अर्धा तास कागदाचे भाव कसे वाढले तेच ऐकावं लागतं.

त्याहून महत्त्वाची आहे शेवटची विचारणा. मी "ब्रेकअप द्या, कशाचे किती लावलेत" असं विचारत नाही. या प्रश्नाने माणसं दुखावतात, कारण तो त्यांच्या नफ्यात डोकावणं आहे. "हे काढलं तर किती कमी होईल" या प्रश्नात माहिती जवळपास तेवढीच मिळते, पण ती देताना समोरच्याला आपला गल्ला उघडून दाखवावा लागत नाही. फरक सांगायला कुणालाच अडचण नसते.

दुसऱ्या दिवशी कुपवाडला गेले. अण्णांनी चहा सांगितला आणि मेसेज उघडूनच बसले. "ताई, पांढरा कागद कशाला घातलावता? आत बेदाणा हाय, बॉक्स काय दुकानात मांडायचाय व्हय?" त्यांचं बरोबर होतं. आमचा हा माल थेट व्यापाऱ्याकडे जाणारा होता, ग्राहकाच्या नजरेला पडणारा नव्हता. वरचा पांढरा कागद काढून तपकिरी क्राफ्ट घेतला तर साडेतीन रुपये कमी. तीन रंगांच्या जागी एकच रंग घेतला तर सव्वा रुपया कमी, शिवाय प्रत्येक रंगाचा छपाईचा ब्लॉक वेगळा करावा लागतो त्यातले दोन ब्लॉक वाचले. पाच फेऱ्यांऐवजी दोन फेऱ्यांत माल उचलला तर पाऊण रुपया. पंचेचाळीस दिवसांच्या उधारीऐवजी निम्मे पैसे ऑर्डरसोबत आणि उरलेले माल आल्यावर सात दिवसांत दिले तर आणखी एक रुपया.

फेऱ्यांच्या बाबतीत मी लगेच हो म्हटलं नाही. अडीच हजार बॉक्स एकदम उतरवायचे तर कोरडी जागा लागते, आणि ओलीत ठेवलेला बॉक्स पाणी पिऊन मऊ पडतो. पाऊण रुपया वाचवून माल ओला करायचा नव्हता. शेठना फोन करून मागच्या शेडमधली जागा पक्की केली, मगच ती अट मान्य केली. बजेट जुळवण्याच्या घाईत नवीन माणूस इथेच चुकतो. काढलेल्या प्रत्येक गोष्टीचा भार आपल्याकडे कुठे पडणार, ते त्याच बैठकीत तपासावं लागतं.

सगळं मिळून साडेसहा रुपये कमी झाले. बॉक्स ३७ रुपये ५० पैशांवर आला. ३६ला अजून दीड रुपया बाकी होता. अण्णा थांबले, मीही थांबले. त्यांनी कागद १२० जीएसएमचा केला तर बसेल असं सांगितलं, आणि सांगितलं हेच मला फार मोलाचं वाटलं, कारण पहिल्या वर्षी हेच मला न सांगता झालं होतं. मी नको म्हटलं. मग १,८०,०००ला साडेसदतीसने भागलं. बरोबर ४,८०० बॉक्स येतात. "अण्णा, रेट तुमचाच राहू दे, बॉक्स दोनशे कमी करा." दोनशे बॉक्सची कमतरता आम्ही जुन्या शिल्लक मालातून भरून काढणार होतो. सौदा तिथेच झाला.

संध्याकाळी शेठ म्हणाले, "अजून पन्नास पैसे सोडतोय का बघ, राउंड फिगर कर." मी तो फोन केला नाही, आणि का केला नाही ते शेठना समोर बसून सांगितलं. एकदा हिशोब मांडून ठरलेल्या रेटवर पुन्हा हात घालणं म्हणजे दुपारचं सगळं बोलणं खोटं होतं असं सांगणं. आणि मी १,८०,००० हेच खरं बजेट आहे असं सांगितलं होतं. आता पन्नास पैसे मागितले असते, तर पुढच्या वर्षी माझ्या बजेटच्या आकड्यावर अण्णांनी विश्वास का ठेवावा? याच कारणासाठी मी बजेट कधी कमी करून सांगत नाही. शेठकडे दोन लाख असतील तर दोन लाखच सांगते, आणि काही राखून ठेवायचं असेल तर आकडाच सांगत नाही, फक्त काय काढता येईल ते विचारते.

ठरलेलं सगळं सुधारित कोटेशनमध्ये लिहून मागितलं आणि त्यावरून परचेस ऑर्डर काढली: पाच प्लाय, सगळे थर १५० जीएसएम, बाहेरून तपकिरी क्राफ्ट, एक रंग, रिकाम्या बॉक्सचं वजन ६०० ग्रॅम, वीस ग्रॅम इकडेतिकडे चालेल, दोन फेऱ्या, पेमेंट कसं ते. वजनाची ओळ वाचून अण्णा काही बोलले नाहीत. ज्याला पूर्ण कागद द्यायचा आहे त्याला ती ओळ टोचत नाही.

पहिली गाडी आली तेव्हा मी गठ्ठ्यांतून पाच बॉक्स काढून वजन केलं. एका बॉक्समधून दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि लेबलच्या छोट्या काट्यावर ठेवला. त्याच्या ग्रॅमला शंभरने गुणलं की पाचही थरांचं मिळून जीएसएम येतं. आमच्या बॉक्सचं ते साधारण ८७० यायला हवं: तीन सपाट थरांचे ४५०, आणि मधल्या दोन नळीदार थरांना वळ्यांमुळे कागद चाळीसेक टक्के जास्त लागतो, त्यांचे ४२०. तुकडा ८.७ ग्रॅमच्या आसपास भरला तर कागद पूर्ण आहे. पहिल्या वर्षीचा तुकडा ७.४ भरला होता. शंका आली तर तुकडा पाण्यात भिजवून थर सुटे करायचे, पूर्ण वाळवायचे आणि एकेक मोजायचा, कुठला थर हलका आहे ते कळतं. पावसाळ्यात मात्र कागद दमट हवेतलं पाणी धरतो आणि वजन थोडं जास्त दाखवतो, त्यामुळे तेव्हा काठावरचा आकडा आला तर तुकडा आधी सुकवून घ्यावा.

अण्णांचा तुकडा ८.८ भरला. त्याचा फोटो मी त्यांना पाठवला आणि उरलेलं पेमेंट सातव्या नाही, चौथ्या दिवशी केलं.

या वर्षी अण्णांनी कोटेशन पाठवलं ते न सांगता दोन रकान्यांत: एकात पांढरा कागद आणि तीन रंग, दुसऱ्यात तपकिरी आणि एक रंग. दोन्हींच्या खाली रिकाम्या बॉक्सचं वजन त्यांनीच लिहिलं होतं.