मामांना रेडिओवरची कॉमेंट्री मराठीत सांगताय? मग या चुका टाळा

आकाशवाणीवर क्रिकेटची मॅच असली की कॉमेंट्री हिंदी आणि इंग्रजी आलटून पालटून चालते. पंचवटीत राहणारे आमचे मोठे मामा ऐंशीच्या पुढचे, नजर अधू झाल्यापासून टीव्ही सुटला आणि रेडिओच उरला. हिंदी त्यांना बऱ्यापैकी कळतं, पण इंग्रजीवाला माइकवर आला की लगेच विचारतात, "काय म्हणाला रे?" मग घरात जो कोणी असेल त्याने सांगायचं. आता हे ऐकायला सोपं वाटतं पण घरातली तरुण मंडळी त्याच त्याच ठिकाणी अडकतात, आणि मामा वैतागून म्हणतात की राहू दे, मी आवाजावरूनच समजून घेतो. कुठे अडकतात ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॉमेंटेटर ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने मराठी करत बसणं. तो आधी टप्पा सांगतो, मग दिशा, मग फटका, मग क्षेत्ररक्षक आणि शेवटी काय झालं ते. तुम्ही पण तसंच सुरू केलंत तर "चौकार" हा शब्द यायच्या आत पुढचा चेंडू पडलेला असतो. हिशोबच बघा ना, कसोटीत सहा तासांत ९० षटकं धरली तर एका षटकाला चार मिनिटं, म्हणजे षटक बदलण्याचा वेळ धरून एका चेंडूला ४० सेकंद, आणि त्यातलाही बराचसा वेळ रेडिओच बोलत असतो. तुमच्या वाट्याला दहाएक सेकंद येतात, फिरकीवाला आला की तेवढेही नाहीत. म्हणून क्रम उलटा करायचा, आधी निकाल, मग चेंडू कुठे गेला, मग वेळ उरला तर कसा टाकला आणि कसा मारला. "मामा, चौकार, कव्हरमधून, पुढे टप्पा पडला होता." एवढंच. फटक्याचं वर्णन राहिलं तरी चालतं, निकाल राहिला की त्यांची चिडचिड होते.

पण निकाल आधी सांगायचा म्हणून घाईपण नको. "इन द एअर" ऐकलं की लगेच "झेल उडाला, गेला गेला" म्हणून ओरडायचं आणि चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधे पडायचा, हे फार होतं. हवेत आहे असं ऐकलं की गप्प बसा, कॉमेंटेटरचं वाक्य संपू द्या, मामांना आवाज चढलेला कळतोच. मोबाईलवर स्कोअर बघत सांगणं तर पूर्ण बंद करा. स्कोअरचं अॅप कधी रेडिओच्या पुढे असतं कधी मागे, आणि रेडिओचं स्ट्रीमिंग लावलं असेल तर ते साध्या रेडिओपेक्षा काही सेकंद उशिराच येतं, मग शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येतो आणि नंतर आपल्याकडे विकेट पडते. एकच साधन धरा, जे मामा ऐकतायत तेच.

दुसरी चूक शब्दांची. इथे लोकं दोन टोकं गाठतात. एक तर सगळं इंग्रजीच ठेवतात, नाहीतर शब्दाला शब्द लावतात. मामांच्या पिढीचे कान बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीवर तयार झालेले, त्यांना पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, धावबाद, निर्धाव षटक हे सगळं झटकन कळतं, तिथे "एलबीडब्ल्यू झाला" म्हणायची गरजच नाही. उलट स्लिप, गली, कव्हर, पॉइंट, यॉर्कर हे मराठीतही तसंच चालत आलंय, त्याचं उगाच मराठी करायला जाऊ नका. खरा घोळ साध्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांचा होतो. "बीटन" म्हणजे हरला नाही आणि बादही नाही, चेंडू बॅटला न लागता निघून गेला, तर "चकला, नाबाद" म्हणा. "गुड लेंग्थ" म्हणजे चांगली लांबी नाही, "टप्पा बरोबर" म्हणा. "शॉर्ट" म्हणजे आखूड टप्पा. "ड्रॉप्ड" आलं तर "झेल सुटला" असं पूर्ण म्हणा, नुसतं "सोडला" म्हटलं की मामांना वाटतं फलंदाजाने चेंडू सोडून दिला, कारण त्यासाठीही आपण तोच शब्द वापरतो.

आणि सगळ्यात फसवा शब्द "स्टम्प्स". संध्याकाळी कॉमेंटेटर "अँड दॅट्स स्टम्प्स" म्हणतो तेव्हा दिवसाचा खेळ संपलेला असतो, कोणाची दांडी उडालेली नसते. आमच्या भाच्याने एकदा "मामा, त्रिफळा!" सांगितलं आणि नाबाद राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी परत खेळायला आल्यावर मामांनी भाच्याला चांगलंच धारेवर धरलं.

आता दिशा. हा भाग नीट वाचा कारण इथे सगळेच चुकतात. "ऑफ" म्हणजे उजवीकडे आणि "लेग" म्हणजे डावीकडे असं पाठ केलेलं असतं, आणि डावखुरा फलंदाज आला की सगळं उलटं होतं. नियम सोपाय, गोलंदाजाकडे बघणाऱ्या फलंदाजाचा जो हात चालतो त्या बाजूला ऑफ. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ऑफ त्याच्या उजवीकडे, डावखुऱ्याचा डावीकडे. मामांना मी हे घड्याळावर सांगतो. फलंदाज घड्याळाच्या मधोमध, गोलंदाज १२ वाजता, यष्टिरक्षक ६ वाजता. उजव्या फलंदाजासाठी मिड ऑफ १ वाजता, कव्हर २, पॉइंट ३, थर्ड मॅन ५ च्या आसपास, मग लेगच्या बाजूला फाइन लेग ७, स्क्वेअर लेग ९, मिडविकेट १०, मिड ऑन ११. डावखुरा आला की आरशात बघितल्यासारखं उलटवायचं, पॉइंट ९ वाजता, स्क्वेअर लेग ३ वाजता. आकडे अंदाजे आहेत, क्षेत्ररक्षक थोडा इकडे तिकडे सरकतोच, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर मैदान उभं राहायला तेवढं पुरतं. षटक बदलून गोलंदाज दुसऱ्या टोकाकडून आला तरी या घड्याळात काहीच बदलत नाही, कारण १२ हे कायम गोलंदाजाकडेच असतात. मामा पूर्वी गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी बघायला जायचे. तिथे बसायची त्यांची ठरलेली बाजू होती आणि दिशा ते तिथून मोजायचे, म्हणून सुरुवातीला त्यांना जड गेलं. पहिल्याच दिवशी एकदा टेबलावर त्यांचं बोट धरून घड्याळाचे आकडे फिरवून दाखवा, मग बसतं.

एक षटक प्रत्यक्ष करून दाखवतो, काल्पनिक आहे. जैस्वाल डावखुरा खेळतोय, दुसऱ्या टोकाला गिल उजवा, धावसंख्या १ बाद ६२.

पहिला चेंडू, इंग्रजीत "गुड लेंग्थ, आउटसाइड ऑफ, बीटन". तुम्ही म्हणायचं, "नाबाद, धाव नाही, बाहेरच्या चेंडूवर चकला." दुसरा, "कट अवे, पास्ट पॉइंट, फोर". जैस्वाल डावखुरा म्हणून, "चौकार, ९ वाजता, कट मारला." तिसरा, "टक्ड टू स्क्वेअर लेग फॉर अ सिंगल". "एक धाव, ३ वाजता, आता गिल समोर." हे "आता गिल समोर" विसरायचं नाही, कारण तिथेच घड्याळ उलटतं, आणि डावा-उजवा जोडी असेल तर प्रत्येक एकेरी धावेला उलटतं. चौथा, "ड्रिव्हन थ्रू द कव्हर्स, दे कम बॅक फॉर टू". "दोन धावा, २ वाजता." इथे धावांचा आकडा आणि घड्याळाचा आकडा सारखाच आला, म्हणून "वाजता" हा शब्द प्रत्येक वेळी म्हणायचाच, नुसतं "दोन, दोन" म्हटलं तर चार धरतील. पाचवा, "एज्ड, ड्रॉप्ड अॅट सेकंड स्लिप". "नाबाद! झेल सुटला, बॅटची कड लागून दुसऱ्या स्लिपकडे, धाव नाही." सहावा, "लेफ्ट अलोन". "धाव नाही, खेळलाच नाही. षटक संपलं, सात धावा, १ बाद ६९, आता परत जैस्वाल खेळणार." शेवटचं वाक्य षटकामधल्या मोकळ्या वेळेत सावकाश बोला, मामांसाठी तोच स्कोअरबोर्ड.

धावसंख्या सांगताना "एक बाद एकोणसत्तर" हाच साचा धरा. ऑस्ट्रेलियातून कॉमेंट्री असली की तिथले लोक आधी बळी आणि मग धावा सांगतात, बाकीचे इंग्रजीवाले आधी धावा, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, पण "बाद" शब्द मधे आला की कोणता आकडा कशाचा हे विचारावंच लागत नाही. हिंदी भागातही जागे राहा. हिंदीतलं "उन्यासी" म्हणजे एकोणऐंशी आणि "नवासी" म्हणजे एकोणनव्वद, रेडिओच्या खरखरीत हे दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि मराठी कानाला दुसरा आकडा नव्वदीच्या पुढचा वाटतो. फलंदाज शतकाच्या जवळ असेल तर यावरून घरात भांडण होतं, म्हणून संशय आला की पुढच्या धावेनंतरचा आकडा ऐका आणि मगच सांगा.

राहिला रिव्ह्यू. मामांच्या ऐकण्याच्या सवयीत पंचांनी बोट वर केलं की विषय संपला, त्यामुळे "आउट दिलंय" एवढं सांगून थांबलात तर ते फलंदाजाला मनातून पॅव्हेलियनमधे पाठवून मोकळे होतात. "पंचांनी पायचीत दिलंय पण दाद मागितलीये, थांबा" असं म्हणा. मग "अम्पायर्स कॉल" येतो आणि त्याचं "पंचांचा कॉल" केलं की काही अर्थबोध होत नाही. आधी बाद की नाबाद ते सांगा, मग कारण, म्हणजे "बादच. चेंडू यष्टीला लागला असता पण अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून मैदानातल्या पंचांनी दिलेलंच कायम." तोच चेंडू, पण पंचांनी आधी नाबाद दिलं असतं तर नाबाद राहिला असता, हे मामांना पटत नाही आणि दर वेळी त्यावर वाद घालतात. तो वाद पुढच्या चेंडूवर घालू नका, पाणी प्यायची सुट्टी होईपर्यंत थांबा, नाहीतर विकेट ऐकायची राहून जाते.