हळू श्वास घ्या, खोल नको: बॉक्स ब्रीदिंग आणि मिनिटाला सहा श्वास

‘एक खोल श्वास घ्या’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याने पुढच्या सगळ्यांचं काम अवघड करून ठेवलंय. हळू श्वास आणि खोल श्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की हाताची बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं आणि माणूस ‘मला हे जमत नाही’ म्हणून सोडून देतो. मीही सोडलं होतं, दोनदा. तेव्हा बसायचं कसं, जागा कोणती, यावर मी वेळ घालवणार नाही. पाठ टेकून खुर्चीत बसा, पट्टा घट्ट असेल तर सैल करा, झालं.

बॉक्स ब्रीदिंग म्हणजे श्वास घेणं, रोखणं, सोडणं आणि पुन्हा रोखणं, चारही टप्पे सारख्याच सेकंदांचे. सुरुवात त्याने करू नका. आधी साधं संथ श्वसन: चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, मध्ये कुठेही रोखणं नाही. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास नाकाने घ्या. सोडताना नाक किंवा किंचित मिटलेले ओठ, काहीही चालेल. मनातल्या मनात मोजू नका. मनातले चार आकडे घड्याळाच्या अडीच सेकंदांत उरकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सेकंदकाटा समोर ठेवा. पाच मिनिटं पुरतात.

आता खरी अडचण. हवा किती घ्यायची?

ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. जिथे शिकलो तिथे ‘पोट भरा, मग छाती भरा, मग खांद्यांपर्यंत भरा’ असं चालायचं. मी इमानेइतबारे भरायचो. तिसऱ्या मिनिटाला ओठांभोवती मुंग्या, चौथ्याला बोटं जड. ‘ही ऊर्जा जागी होतेय’ असं उत्तर मिळालं. ऊर्जा वगैरे काही नव्हतं. माझ्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड मी भराभर बाहेर फेकत होतो.

हिशोब सोपा आहे, एकदा नीट बघा. एखादा प्रौढ माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १४ श्वास घेतो, प्रत्येकी सुमारे ५०० मिलिलिटर. त्यातले १५० मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहतात, फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचत नाहीत. उरलेले ३५० गुणिले १४, म्हणजे मिनिटाला जवळपास ४.९ लिटर हवा कामी येते. एवढ्या हवेत रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास टिकतो. ३५ ते ४५ ही नेहमीची मर्यादा.

आता श्वास सहावर आणा. तेवढीच ४.९ लिटर हवा कामी यायची तर प्रत्येक श्वास किती हवा? ४.९ ला सहाने भागा, वर ते १५० मिलिलिटर घाला: एक लिटरला जरा कमी. म्हणजे नेहमीच्या श्वासाच्या दुप्पट, त्याहून जास्त नाही. शांतपणे श्वास सोडल्यावर तिथून पुढे प्रौढ माणूस छाती गच्च भरून तीनेक लिटर हवा आत ओढू शकतो. म्हणजे आपल्याला लागते ती मावणाऱ्या हवेच्या एक तृतीयांश. आणि मी काय करत होतो? दर वेळी किमान दीड लिटर. दीड लिटरचे सहा श्वास म्हणजे कामी येणारी हवा ८ लिटरच्या वर. असंच चालू राहिलं तर दाब ४० वरून २५ च्या आसपास उतरतो. श्वास मिनिटाला फक्त सहा, पण शरीराच्या दृष्टीने मी धापा टाकत होतो.

कार्बन डायऑक्साइड घसरला की रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा उगाच चेतायला लागतात, त्या मुंग्या. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात; ते हलकं डोकं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे काहीच सांगत नाही. ते ९९ दाखवत राहतं, कारण ते ऑक्सिजन बघतं. मुंग्या सुरू असताना ९९ बघून ‘सगळं उत्तम’ म्हणणारे मी पाहिलेत.

मग प्रमाण साधायचं कसं? आधी दोन-तीन नेहमीचे श्वास घ्या आणि पोटावर ठेवलेला हात कुठपर्यंत उचलला जातो ते लक्षात ठेवा. संथ श्वासात तो त्याच्या दुप्पट उचलला जाईल, आणि तिथे थांबा. वर अजून बरीच जागा शिल्लक आहे असं वाटलं पाहिजे. खांदे हलले तर जास्त झालं. नाकातून जाणारी हवा स्वतःला ऐकू आली तर बहुतेक वेळा जास्त झालं. चार सेकंद आहेत म्हणून चारही सेकंद जोरात ओढायची गरज नाही, धार बारीक ठेवा. सोडतानाही ढकलू नका. बरगड्या आणि फुप्फुसं आपोआप मिटतात, तुम्ही फक्त वेग आवरा. मेणबत्तीची ज्योत डुलावी पण विझू नये, एवढाच झोत.

उलट चूकही होते. पाच मिनिटं संपल्यावर घाईघाईने दोन-चार मोठे श्वास घ्यावेसे वाटले तर हवा कमी पडत होती. अगदी किंचित हवेची भूक मात्र चालते, मी तर ती पसंत करतो. जास्त हवेपेक्षा थोडी कमी हवा बरी. मुंग्या आल्या तर मात्र ‘अजून खोल’ अजिबात नाही. मोजणं सोडा, दोन मिनिटं शरीराला हवं तसं श्वास घेऊ द्या, मग लहान श्वासांनी पुन्हा सुरू करा.

प्रमाण जमलं की हृदयाचं काम बघण्यासारखं असतं. मनगटावर नाडी धरा. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ येतात, बाहेर जाताना लांब लांब पडतात. व्हेगस नस हृदयाला सतत थोडा ब्रेक लावून असते. श्वास घेताना तो सैल होतो, सोडताना पुन्हा लागतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविगने १८४७ मध्ये कुत्र्याच्या नाडीत हा चढउतार नोंदवला होता. मिनिटाला १४ श्वासांत तो लहान असतो. सहावर तो मोठा होतो, कारण मान आणि महाधमनीतले रक्तदाब जोखणारे संवेदक ज्या लयीत हृदयाला सूचना देतात, तिची एक फेरीही साधारण दहा सेकंदांची असते. दोन्ही लयी जुळल्या की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसा झोका वाढतो. तरुण माणसात ६० ते ७८ असा फरकही दिसू शकतो. पण सरासरी पाहिली तर ती फारशी हलत नाही, दोन-चार ठोके कमी होतील. ‘नाडी ७० वरून ५० वर आणा’ असं कुणी सांगत असेल तर त्याने कधी मोजलेलं नाही. ऑक्सिमीटरवर हा झोकाही नीट दिसत नाही, कारण ते काही सेकंदांची सरासरी दाखवतं. बोटांनीच धरा. वय वाढलं की झोका लहान होतो, तेव्हा साठीतल्या माणसाने विशीतल्याशी बरोबरी करू नये.

हे आठ-दहा दिवस सहज झालं की मग बॉक्स. चार सेकंद पूरक म्हणजे श्वास आत, चार अंतर्कुंभक म्हणजे भरलेल्या छातीने रोखणं, चार रेचक म्हणजे श्वास बाहेर, चार बाह्यकुंभक म्हणजे सोडून झाल्यावर रोखणं. सोळा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला चारही नाहीत. इथे मघाचाच हिशोब उलटा फिरतो. एवढ्या कमी श्वासांत ४.९ लिटर कामी यायचे तर प्रत्येक श्वास दीड लिटरच्या जवळ जातो. जो श्वास मघाशी अतिरेक होता, तोच इथे बरोबर. संथ श्वसनातला लिटरभर श्वास घेऊन बसलात तर कार्बन डायऑक्साइड हळूहळू चढतो. हळूहळू, कारण शरीरात त्याचा साठा मोठा आहे. म्हणून पहिल्या तीन-चार फेऱ्या फार सोप्या वाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला रिकाम्या फुप्फुसांनी थांबताना घुसमट होते. ती ऑक्सिजन संपल्याची खूण नसते. हॉल्डेन आणि प्रिस्टली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवलं की फुप्फुसातला कार्बन डायऑक्साइड थोडासा वाढला तरी श्वसन लगेच वाढतं.

माझा उपाय: तीन-तीनचा चौकोन. बारा सेकंद, मिनिटाला पाच श्वास, प्रत्येक श्वास लिटरहून थोडा जास्त. तो पाच मिनिटं घुसमट न होता झाला तरच चारवर जा. चारवर त्रास होत असेल तर तीनवर राहा, त्यात कमीपणा काही नाही.

रोखणं म्हणजे घसा आवळणं नव्हे. घसा बंद करून पोटाला ताण दिला की छातीतला दाब वाढतो आणि नाडी-रक्तदाब वेगळेच खेळ करतात. बरगड्या जिथे आहेत तिथे ठेवा, घसा उघडा, हवा फक्त थांबलेली. खात्री करायची असेल तर रोखलेलं असताना आणखी एक चिमूटभर हवा आत घेऊन बघा. ती सहज गेली तर घसा उघडा आहे.

नाडीचा मोठा झोका हवा असेल तर बॉक्सपेक्षा चार-सहाचं संथ श्वसनच मला बरं वाटतं. मधल्या थांब्यांमुळे ती दहा सेकंदांची लय मोडते. बॉक्स मी ठेवतो ते मन भरकटत असेल तेव्हा. चार टप्पे मोजताना दुसरा विचार करायला जागाच उरत नाही.

दमा किंवा फुप्फुसांचा दुसरा जुना आजार, अपस्मार, गर्भारपण किंवा हृदयाची अनियमित लय असेल तर रोखण्याचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. घाबरण्याचे झटके येत असतील तर कुंभक पूर्ण वगळा, कारण घुसमटीची जाणीवच झटका सुरू करू शकते. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडीचा झोका वेगळा दिसू शकतो, त्यावरून काही ठरवू नका. आणि पाण्यात किंवा पोहण्याच्या आधी यातलं काहीही नाही. जास्त श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड उतरवला की श्वास घेण्याची हाक उशिरा येते, आणि तोवर ऑक्सिजन इतका खाली गेलेला असतो की माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो.

संपवताना एकदम उठू नका. शेवटच्या फेरीनंतर मोजणं थांबवा, मिनिटभर श्वास आपल्या लयीला येऊ द्या. तो नेहमीसारखा, धाप न लागता परत आला, तर हवेचं प्रमाण बरोबर होतं.