टीममधल्या कुणाच्या घरचं माणूस गेलं तर मॅनेजरने पहिलं वर्षभर विचारपूस कशी करायची

घरातलं कुणी गेलं की पहिले पंधरा दिवस सगळेच विचारतात. मेसेज येतात, फोन येतात, ऑफिसातलं कुणीतरी भेटून येतं. मग तो माणूस कामावर परत येतो, एक-दोन आठवडे टीम जपून बोलते आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास विषयच बंद होतो. बहुतेक वेळा नेमकं तेव्हाच त्या माणसाचा बधिरपणा उतरायला लागलेला असतो, बँक आणि विम्याची कागदपत्रं संपलेली नसतात, झोप धड होत नसते, आणि विचारणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणजे मॅनेजरचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि ते आठवणीवर सोडलं तर होत नाही, त्याची व्यवस्था लावावी लागते.

समजायला एक काल्पनिक केस घेऊ. तुमच्या टीममध्ये एकजण आहे, तिचा नवरा 21 फेब्रुवारीला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला आणि 9 मार्चला गेला. ती 24 मार्चला कामावर परत आली.

आधी तिलाच विचारा, पण पहिल्याच दिवशी नको

परत आल्याच्या दिवशी फक्त भेटा, वाईट वाटलं एवढं सरळ सांगा, आणि या आठवड्यात काय काम आहे, काय नाही ते सांगून टाका. मोठं बोलणं दोन-तीन आठवड्यांनी, दार बंद असलेल्या खोलीत. ते साधारण असं: "मी मधूनमधून तुझी चौकशी केली तर चालेल का? की ऑफिसात हा विषय नकोच वाटतो? आणि वर्षभरात काही तारखा जड जाणार असतील तर सांगून ठेव, त्या दिवशी कामाचं मी बघेन. आत्ताच सांगायला पाहिजे असं काही नाही."

"काही लागलं तर सांग" एवढंच म्हणून थांबू नका. दुःखातल्या माणसाला काय लागतंय हे शोधायचं, ते शब्दात मांडायचं आणि वर तुमच्याकडे मागायला यायचं, ही तीन कामं तुम्ही त्याच्यावरच टाकताय. त्यापेक्षा दोन पर्याय समोर ठेवलेले बरे, हो किंवा नाही म्हणणं सोपं असतं.

काहीजण म्हणतील, नको, ऑफिसात मला नॉर्मलच राहू द्या. ते मनापासून असतं, काहींना कामाचे आठ तास हीच एक विसाव्याची जागा असते, तेव्हा ऐका. फक्त एवढं विचारून ठेवा की तीनेक महिन्यांनी मी परत एकदा विचारलं तर चालेल ना, कारण एप्रिलमधलं उत्तर जुलैमध्ये तेच असेल असं नाही.

आणि हो, एरवी जसं बोलता तसंच बोला. रोज अगं-तूगं असेल आणि आता एकदम "आपण काळजी घ्यावी" असा मेसेज गेला तर तो एचआरने पाठवल्यासारखा वाटतो.

तारखा कॅलेंडरमध्ये, पण स्वतःच्या

टीमच्या शेअर्ड कॅलेंडरमध्ये हे चुकूनही टाकू नका. तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये, प्रायव्हेट करून, आणि नुसतं "अमुकशी बोलणे" असं लिहून ठेवा, कारण स्क्रीन शेअर करताना रिमाइंडर वर आला तर सगळ्या मीटिंगला दिसतो.

तारखा कुठल्या, तर तिने ज्या सांगितल्या त्या. या केसमध्ये समजा तिने नवऱ्याचा वाढदिवस 2 ऑगस्ट आणि लग्नाचा 27 नोव्हेंबर सांगितला. 9 मार्च तर आहेच. पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते 21 फेब्रुवारीकडे. शेवटच्या आजारपणाची आठवण मृत्यूच्या तारखेला सुरू होत नाही, ती ॲडमिट केलं त्या दिवसापासून सुरू होते, मागच्या वर्षी आज आपण आयसीयूबाहेर बसलो होतो, आज डॉक्टर असं म्हणाले होते, असं रोज. त्यामुळे खूपजणांना प्रत्यक्ष दिवसापेक्षा आधीचे दोन-तीन आठवडेच जास्त जड जातात, आणि मॅनेजर मात्र 9 तारखेची वाट बघत असतो. फेब्रुवारीच्या शेवटी कामात चुका वाढल्या, उत्तरं तुटक यायला लागली तर आधी कॅलेंडर बघा.

प्रत्येक तारखेच्या सात दिवस आधीचा रिमाइंडर लावा. या तारखांशिवाय नेहमीच्या वन-ऑन-वनमध्ये पहिले दोनेक महिने दर आठवड्याला सुरुवातीची पाच मिनिटं, नंतर दोन आठवड्यांनी, सहा महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, एवढं पुरतं. विचारतानाही "कशी आहेस?" याला "ठीक" हेच उत्तर येतं, म्हणून प्रश्न छोटा आणि आजचा ठेवा: "हा आठवडा कसा गेला? झोप होतेय का?"

मेसेज आधी पाठवा, त्या दिवशी नाही

त्या दिवशी सकाळी मेसेज गेला की तिला घरातल्या गडबडीत तुम्हाला उत्तर द्यावं लागतं, आणि सुट्टी किंवा कामाची अदलाबदल करायची वेळही निघून गेलेली असते. चार-पाच दिवस आधी गेला तर ठरवायला जागा राहते. मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात, तारीख लक्षात आहे, कामाचं काय केलंय, आणि उत्तराची सक्ती नाही:

"2 तारीख जवळ आलीय, लक्षात आहे माझ्या. त्या दिवशीचा क्लायंट कॉल मी घेतोय. यायचं असेल तर ये, सुट्टी हवी असेल तर घे, सकाळी उठून ठरवलंस तरी चालेल. याला रिप्लाय नको देऊस."

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका, तुम्ही त्याला ओळखत असाल तर आवर्जून घ्या. नाव काढलं तर तिला आठवण होईल अशी भीती असते, पण ती विसरलेलीच नसते. "वेळ सगळं भरून काढते", "आता सावरायला हवं", "माझ्या वडिलांच्या वेळी पण" हे मात्र नको. शेवटचं चांगल्या मनाने येतं, पण दोन मिनिटांत बोलणं तुमच्या वडिलांवर जातं आणि ती तुमचं सांत्वन करत बसते.

त्या दिवशी ती कामावर आलीच तर कामावर आलीय असंच वागा. टीमच्या ग्रुपवर काही टाकू नका, डेस्कवर फुलं ठेवू नका, तिने स्वतः म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी जाता-जाता "काल कसा गेला?" एवढं पुरे.

कामाचं लेखी ठरवा

1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी मांडलं की दुःखातला माणूस पायऱ्या चढल्यासारखा पुढे जात नाही, तो दोन टोकांमध्ये येत-जात राहतो, कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, कधी नव्या आयुष्याच्या कामांत. मॅनेजरला याचा उपयोग असा, की मंगळवारी मस्त प्रेझेंटेशन दिलेली बाई गुरुवारी साधा ईमेल लिहू शकली नाही तर ते नाटक नसतं आणि ती मागेही गेलेली नसते. एका चांगल्या आठवड्यावरून "झाली आता नॉर्मल" असं समजून पूर्ण लोड देऊ नका.

तसंच न विचारता काम काढूनही घेऊ नका. मोठा प्रोजेक्ट गुपचूप दुसऱ्याला गेला की तिला कळतंच, आणि नवऱ्याबरोबर आता नोकरीपण चालली असं वाटायला लागतं. बसून ठरवा, पुढचे तीन महिने कुठली दोन कामं नक्की तुझी, कुठली थांबतील, कुठल्या कामाला दुसऱ्याची नजर हवी, कारण एकाग्रता आणि लक्षात राहणं यावर सरळ परिणाम होतो, आकडे आणि तारखांच्या चुका वाढतात. हे दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहा. नाहीतर वर्षअखेरीच्या अप्रेझलला दुसराच कुणीतरी जुनी टार्गेट्स काढून बसतो, आणि तोंडी कबूल केलेलं सगळं हवेत जातं.

सिस्टीममध्ये एकदा डोकावून या

हे काम कुणाच्या डोक्यात येत नाही. एचआरच्या रेकॉर्डला इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून अजून नवऱ्याचा नंबर असतो, विम्यात त्याचं नाव असतं, आणि कंपनीच्या सिस्टीममधून लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जातात. 27 नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता हसऱ्या फुग्यांचा ईमेल आला तर तुमची वर्षभराची काळजी एका मिनिटात वाया. तिची परवानगी घेऊन एचआरशी बोला, ऑटोमॅटिक मेल बंद करून घ्या, फॉर्म भरायचे असतील तर अर्धवट भरून तिच्याकडे फक्त सहीला द्या. "सहकुटुंब या" वाली आमंत्रणं तिला टीमच्या मेलमधून कळण्याआधी तुम्ही सांगा.

कधी तुमच्या हाताबाहेरचं असतं

तुम्ही डॉक्टर नाही, निदान करू नका. दीर्घकाळ चालणाऱ्या गंभीर शोकाला वैद्यकात वेगळं नाव आणि निकष आहेत, पण तिथेही घाई नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, किमान 6 महिने, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या डीएसएम-5-टीआर या निदानाच्या पुस्तकात मोठ्या माणसांसाठी किमान 12 महिने धरलेत. म्हणजे चौथ्या महिन्यात ती मीटिंगमध्ये रडली तर तो आजार नाही.

वाट मात्र बघायची नाही अशा गोष्टी आहेत. न सांगता कामावर न येणं, दारूचा वास, अंघोळ-जेवणाचं भान सुटणं, आणि "मी तरी कशाला राहिले" अशी वाक्यं. शेवटचं ऐकलं तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या, तिथे गुप्तता बाजूला ठेवावी लागते आणि तसं तिला सांगूनच ठेवा.

उलटही होतं, तुमची चौकशीच तिला जड होते. ती वन-ऑन-वन पुढे ढकलायला लागली, किंवा तुम्ही तोंड उघडायच्या आत "मी एकदम मस्त आहे" म्हणायला लागली, तर प्रश्न कमी करा. तारखांचे मेसेज चालू ठेवा, ते कामाबद्दलच असतात.

9 मार्चनंतर

वर्ष भरलं की आजूबाजूचे सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि तिला 10 मार्चला काहीच बदललेलं दिसत नाही. वर्षभर प्रत्येक गोष्ट "पहिली" होती म्हणून लोक सांभाळून घेत होते, दुसऱ्या वर्षी तेही नसतं. म्हणून रिमाइंडर डिलीट करू नका, 21 फेब्रुवारी आणि 9 मार्च पुढच्या वर्षीसाठीही लावून टाका, मेसेज एका ओळीचा झाला तरी चालेल. मधेच तुमची बदली झाली किंवा तिची टीम बदलली तर तिला विचारा, नव्या मॅनेजरला काय सांगू आणि काय नको. ती हो म्हणाली तर तारखा आणि कामाचा तो ईमेल, एवढंच पुढे द्या. नको म्हणाली तर दोन्ही तुमच्याकडेच राहू द्या.