ठरलेल्या निधीत कोणती कामं घ्यावीत? क्रमवारी लावा, पण तिथे थांबू नका

गावाचा वार्षिक आराखडा करताना मागणी झालेली कामं निधीपेक्षा नेहमीच जास्त असतात. अशा वेळी सर्वात न्याय्य वाटणारी रीत म्हणजे प्रत्येक कामातून रुपयामागे किती लाभ होतो ते काढायचं, तशी क्रमवारी लावायची आणि पैसे संपेपर्यंत वरून कामं उचलत जायचं. रीत चांगली आहे आणि सुरुवात तिनेच करावी. पण तिच्यातून निघालेली यादी सर्वोत्तम असेलच असं नाही.

एक कल्पित ग्रामपंचायत घेऊ. तिच्याकडे २० लाखांचा अबंधित निधी आहे आणि ग्रामसभेत पाच कामं पुढे आली आहेत. आकडे लाखांत आहेत.

| काम | खर्च | लाभ | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| पाझर तलावातला गाळ काढणे | ४ | १२ | ३.०० |
| धान्य गोदाम | ९ | २२ | २.४४ |
| ओढ्यावरचा छोटा पूल | ११ | २६ | २.३६ |
| आठवडी बाजाराचे ओटे | ६ | १२ | २.०० |
| एलईडी पथदिवे | २ | ३ | १.५० |

पायरी १: लाभ आणि खर्च नीट मांडा

लाभाच्या रकान्यात पुढच्या दहा-पंधरा वर्षांतले फायदे आजच्या किमतीला आणून लिहायचे. दहा वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका धरायचा नाही. खर्चाच्या रकान्यात फक्त या २० लाखांतून जाणारी रक्कम घ्यायची. देखभालीचा खर्च पुढच्या वर्षांच्या उत्पन्नातून होणार असेल, तर तो लाभातून वजा करा, खर्चात मिळवू नका. हा फरक किरकोळ नाही. भागाकार करायचा तो ज्या पैशाची टंचाई आहे त्या पैशाने. देखभाल खर्चात घातली की गुणोत्तर बदलतं आणि क्रमही उलटापालटा होऊ शकतो.

गुणोत्तर १ पेक्षा कमी असलेली कामं इथेच बाजूला काढा.

पायरी २: क्रमवारीने यादी भरा

वरून सुरुवात करू. गाळ ४, गोदाम ९, मिळून १३ लाख. उरले ७. पुढचा क्रमांक पुलाचा, पण त्याला ११ लागतात, म्हणून तो वगळून खाली जायचं. ओटे ६ मध्ये बसतात. शेवटी १ लाख उरतो आणि त्यात दिवेही होत नाहीत. एकूण खर्च १९, लाभ ४६.

पायरी ३: कमाल मर्यादा काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, खरं तर सगळ्यात जास्त माहिती तीच देते. क्षणभर असं धरा की जे काम अडलं त्याचा तुकडा करता येतो. गाळ आणि गोदामानंतर उरलेले ७ लाख पुलावर घातले, तर पुलाचा ७/११ भाग होईल आणि त्याचा लाभ साधारण १६.५. एकूण लाभ ५०.५.

कामांचे तुकडे पाडता येत असते, तर क्रमवारीनेच सर्वोत्तम उत्तर आलं असतं. जॉर्ज डँट्झिग यांनी १९५७ साली या प्रश्नाची मांडणी करताना ते दाखवलं. अडचण आहे ती अखंड कामांची. सात-अकरांश पुलावरून बैलगाडी जात नाही. म्हणून ५०.५ हा आकडा प्रत्यक्षात गाठता येत नसला, तरी २० लाखांतली कुठलीही निवड त्याच्या वर जाणार नाही एवढी खात्री तो देतो. आपली यादी ४६ वर आहे, म्हणजे जास्तीत जास्त ४.५ लाखांचा लाभ हातचा सुटत असेल.

हा फरक अडलेल्या कामाच्या लाभापेक्षा कधीच मोठा नसतो. त्यामुळे कोट्यवधींच्या निधीत दोन-तीन लाखांची शेकडो कामं असतील, तर नुसती क्रमवारी पुरते. निधी छोटा आणि एकेक काम त्याच्या निम्म्याएवढं असेल, तिथे ती फसते.

पायरी ४: अडलेल्या कामापासून शोध सुरू करा

दोन वाटा करा: पूल घ्यायचाच, किंवा घ्यायचाच नाही.

पूल नाही असं ठरलं, तर गाळ, गोदाम, ओटे आणि उरलेल्या १ लाखात अर्धे दिवे, अशी कमाल मर्यादा ४७.५ येते.

पूल घेतला तर ९ लाख उरतात. त्यात गाळही घेतला तर ५ राहतात. मग गोदाम बसत नाही, ओटे बसत नाहीत, फक्त दिवे बसतात आणि लाभ होतो ४१. पण गाळ सोडला तर ९ लाखांत गोदाम नेमकं बसतं. पूल आणि गोदाम: खर्च २०, लाभ ४८.

हा आकडा ४७.५ च्या वर आहे, म्हणून बिनपुलाची वाट तपासायची गरजच उरली नाही. पूल घेऊन गोदाम सोडलं, तर उरलेल्या ९ लाखांत १५ च्या वर लाभ निघत नाही. म्हणजे ४८ हेच सर्वोत्तम. क्रमवारीत पहिलं आलेलं गाळाचं काम या निवडीत नाही, आणि ग्रामसभेला पटवायला हेच सर्वात अवघड जातं. गाळाचं काम वाईट नाही. ते घेतलं की गोदाम आणि पूल एकत्र बसत नाहीत, हे त्याचं मोल आहे आणि गुणोत्तरात ते दिसत नाही.

पायरी ५: कामं जास्त असतील तर स्प्रेडशीट वापरा

पाच कामांच्या निवडी ३२, वीस कामांच्या दहा लाखांवर. तेव्हा B रकान्यात खर्च, C मध्ये लाभ आणि E मध्ये प्रत्येक कामासमोर ० किंवा १ ठेवा.

```
=SUMPRODUCT(B2:B6,E2:E6)
=SUMPRODUCT(C2:C6,E2:E6)
```

पहिला आकडा निधीच्या आत ठेवून दुसरा जास्तीत जास्त करायला Solver ला सांगा. E रकान्यावर एक्सेलमध्ये `bin` आणि लिबरऑफिसमध्ये `Binary` ही अट घाला. एक्सेलमध्ये पद्धत `Simplex LP` निवडा आणि पर्यायांत `Integer Optimality (%)` शून्य करा. तो मुळात १ असतो, त्यामुळे सर्वोत्तमापासून टक्काभर कमी उत्तरावरही शोध थांबू शकतो. निधीचा काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असेल, तर त्याची वेगळी बेरीज आणि वेगळी अट लावा. अशा दुहेरी अटीत एकच गुणोत्तर घेऊन क्रम लावण्याला फारसा अर्थ राहत नाही.

पायरी ६: निधी थोडा हलवून पाहा

पूल आणि गोदाम या जोडीत एक रुपयाही शिल्लक नाही. निविदा अंदाजपत्रकापेक्षा ५० हजारांनी चढी आली, तर जोडी मोडते. दोन लाखांच्या जास्तीच्या लाभासाठी हा धोका घ्यायचा का, हे आकडेमोड सांगत नाही. अंदाजपत्रक जुन्या दरांवरचं असेल, तर मी १९ लाखांची यादीच धरेन.

म्हणून तीच आकडेमोड वेगवेगळ्या निधीसाठी करा. १९ लाखांना गाळ, गोदाम, ओटे आणि लाभ ४६. २० ला गोदाम, पूल आणि ४८. २१ ला गाळ, पूल, ओटे आणि ५०. २२ ला गोदाम, पूल, दिवे आणि ५१. लाखागणिक यादी बदलते, लाभ मात्र थोडाथोडाच वाढतो. २४ लाखांना गाळ, गोदाम आणि पूल तिन्ही बसतात आणि लाभ एकदम ६० वर जातो. जिल्हा परिषदेकडे किंवा लोकवर्गणीतून जादा पैसे मागायचेच असतील, तर एक-दोन लाख मागण्यापेक्षा हा तक्ता जोडून चार लाख मागा.