फुकट सिबिल दाखवणारी ॲप आणि नको असलेलं कर्ज: तरुणांनो, या चुका टाळा

फुकटात क्रेडिट स्कोअर दाखवणारं ॲप पैसे कुठून कमावतं, हे आधी पाहा. यातली बहुतेक ॲप कर्ज देणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांशी जोडलेली असतात. तुम्ही त्यांच्यामार्फत कर्ज उचललं की त्यांना कमिशन मिळतं. हे बेकायदा नाही. पण म्हणूनच स्कोअर दिसतो त्याच पानावर त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात ‘तुमच्यासाठी 50,000 मंजूर’ असं लिहिलेलं दिसतं.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही रोजची कामं. हल्ली मात्र विशीतली पोरं वेगळाच प्रश्न घेऊन येतात. दिवाळीच्या आधी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारा एक तेवीस वर्षांचा पोरगा आला होता. त्याला दुचाकी घ्यायची होती. शोरूमवाल्याने ‘सिबिल पाहून ये’ म्हटलं, म्हणून त्याने रात्री एक ॲप टाकलं. सकाळपासून त्याला फोनवर फोन. तो म्हणाला, “भाऊ, म्या तं फक्त सिबिल पाह्यलं, कर्ज मांगलंच नाही. मंग हे फोन काऊन येऊन रायले?”

त्याचा मोबाईल हातात घेऊन आम्ही रात्रीच्या एकेका पायरीवरून पुन्हा गेलो. त्याने केलेल्या चुका बहुतेक पोरांच्या हातून होतात.

पहिली चूक: स्कोअर पाहणं आणि पात्रता तपासणं एकच समजणं

स्कोअर पाहायला पॅन, जन्मतारीख, मोबाईल नंबर आणि ओटीपी पुरतो. आपला स्कोअर आपण कितीदाही पाहिला तरी तो कमी होत नाही. या पोराचा स्कोअर 724 आला. काम इथेच संपलं होतं.

पण खाली हिरवं बटन होतं, `Check Eligibility`. त्याला वाटलं, दुचाकीचं कर्ज मिळेल की नाही ते इथे कळेल. बटन दाबल्यावर ॲपने महिन्याची कमाई, नोकरीचं ठिकाण, पगाराचं खातं आणि पत्ता विचारला. इथेच थांबायला हवं होतं. कमाई आणि नोकरी विचारायला लागले की तो कर्जाचा अर्ज सुरू झाला असं धरा. सगळ्याच ॲपमध्ये या बटनाने लगेच चौकशी, म्हणजे कर्जासाठी कंपनीने रिपोर्ट मागवल्याची नोंद, पडते असं नाही, काही ठिकाणी ॲप आधी नुसता अंदाज काढतं. पण माहिती फायनान्स कंपनीकडे गेली आणि तिने कर्ज देण्यासाठी तुमच्या कर्जाच्या इतिहासाचा रिपोर्ट मागवला, की ती चौकशी रिपोर्टमध्ये कंपनीचं नाव, तारीख आणि कर्जाच्या प्रकारासह नोंदली जाते. त्याच्या रिपोर्टमध्ये एकाच रात्रीत तीन कंपन्यांच्या चौकश्या पडल्या होत्या.

एका चौकशीने फारसं बिघडत नाही. पण ज्याच्या नावावर आजवर मोबाईलच्या हप्त्यांशिवाय काहीच नाही, त्याच्या रिपोर्टमध्ये बँकेला पाहायला दुसरं असतं तरी काय? लागोपाठच्या तीन चौकश्या पाहून बँक अधिकाऱ्याला वाटतं, पोरगा पैशासाठी दारोदार फिरतोय.

दुसरी चूक: संमतीची चौकट न वाचता दाबणं

ओटीपीच्या पानावर खाली बारीक अक्षरात दोन-तीन चौकटी असतात. एक तुमचा रिपोर्ट ॲपला दाखवण्याची. ती दिल्याशिवाय स्कोअर दिसणार नाही, ती ठीक आहे. दुसरीत मात्र `lending partners` हे शब्द असतात, म्हणजे तुमची माहिती कर्ज देणाऱ्या भागीदार कंपन्यांना द्यायची परवानगी. तिसरी कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवण्याची. या दोन्ही चौकटींत बरोबरची खूण कधी कधी आधीच करून ठेवलेली असते. ती काढून पाहा. खूण काढल्यावर ॲप पुढेच जात नसेल तर ते ॲप स्कोअर दाखवायला बनवलेलं नाही, सरळ बाहेर पडा.

फोनबुक, कॉलची यादी किंवा फोटोंची परवानगी मागणाऱ्या ॲपबद्दल तर विचारही करू नका. स्कोअरला यातलं काहीच लागत नाही. आणि डिजिटल कर्जाच्या ॲपनी फोनमधल्या फाइल, संपर्क आणि कॉलच्या नोंदी पाहू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. वसुलीच्या वेळी मामाला, मित्राला, सरपंचाला फोन जातात, ते याच फोनबुकमधून.

तिसरी चूक: हप्ता पाहणं, हातात काय पडतं ते न पाहणं

‘कर्ज मांगलंच नाही’ म्हणणारा पोरगा त्या रात्री एवढ्यावर थांबला नव्हता. दुचाकीच्या पहिल्या भरण्याला होतील म्हणून त्याने 20,000 रुपयांची ऑफर स्वीकारली होती. पानावर मोठ्या अक्षरात ‘फक्त दीड टक्का महिना’ आणि ‘हप्ता 1,967 रुपये’. त्याचा हिशोब सोपा होता: दीड टक्का म्हणजे वर्षाला 18, गावातल्या सावकारापेक्षा बरं.

मी त्याला कर्जासोबत आलेलं माहितीपत्रक उघडायला लावलं. इंग्रजीत त्याला `Key Facts Statement` म्हणतात, आणि असं कर्ज देताना ते देणं बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क 4 टक्के, म्हणजे 800 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 144. विमा 400, ज्याची चौकट त्याने वाचलीही नव्हती. खात्यात आले 18,656. फेडायचे 12 हप्ते मिळून 23,604. म्हणजे खर्च 4,948 रुपये.

शिवाय तो दीड टक्का पूर्ण 20,000 वर बाराही महिने लावलेला होता, हप्ते फेडून मुद्दल कमी होत गेलं तरी. याला फ्लॅट व्याज म्हणतात. शुल्क, विमा आणि घटती बाकी धरून खरा वार्षिक दर निघाला जवळपास 46 टक्के. माहितीपत्रकात हा आकडा `APR` या नावाखाली असतो. कर्ज कोणतंही असो, बोट आधी याच आकड्यावर ठेवा. दोन ऑफरची तुलना याच आकड्यावरून करा, हप्त्यावरून नको. महिने वाढवले की हप्ता लहान दिसतोच.

सुदैवाने तो दुसऱ्याच दिवशी आला होता. डिजिटल कर्जात विचार बदलण्यासाठी मुदत द्यावी लागते, ती कमीत कमी एक दिवसाची असते आणि माहितीपत्रकात लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं तर दंड लागत नाही. त्याने भावाकडून थोडे उसने घेऊन संध्याकाळच्या आत पैसे परत केले आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र ईमेलवर मागून घेतलं. प्रक्रिया शुल्क मात्र गेलं. ते ठेवून घेण्याची मुभा कंपनीला असते, फक्त तसं आधी लिहिलेलं हवं, आणि ते लिहिलेलं होतं.

चौथी चूक: स्कोअर वाढवायला कर्ज घेणं

‘छोटं कर्ज घ्या, स्कोअर वाढवा’ हा सल्ला ॲप वारंवार देतं. गरज नसताना 46 टक्क्यांनी पैसे उचलून एखादा हप्ता चुकला, तर स्कोअर आहे त्याच्याही खाली येईल. जिनिंगचं काम हंगामी असतं, पगार कधी 7 तारखेला कधी 15 ला होतो, आणि हप्ता मात्र 5 ला कापायला येतो. आपल्या भागात पोरांचे हप्ते बहुतेक वेळा असेच उलटतात, पैसे नसतात म्हणून नव्हे. चालू हप्ता असेल तर त्याची तारीख पगाराच्या नंतर सरकवून मिळते का ते कंपनीला विचारा. स्कोअरला त्याचा उपयोग नव्या कर्जापेक्षा जास्त होईल.

स्कोअरऐवजी `NH` किंवा `-1` दिसलं तर घाबरू नका. तुमच्या नावावर कर्जाचा इतिहास नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन ॲपवर दोन आकडे दिसले तरी ती चूक नसते. भारतात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे रिपोर्ट ठेवतात आणि प्रत्येकीची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. कोणत्या कंपनीचा स्कोअर दाखवला ते ॲपवर लिहिलेलं असतं.

मग स्कोअर पाहायचा कुठे?

थेट या चार कंपन्यांच्या संकेतस्थळांवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यायचा असतो. जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये उरलेल्या दोघींचा काढला तर दर तीन महिन्यांनी एक रिपोर्ट मिळतो. एक पैसा लागत नाही. पत्ता स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. तिथेही पैसे भरून घ्यायच्या योजना समोर येतात, त्या नाकारून फुकटचा पर्याय धरा.

आकडा पाहून पान बंद करू नका, रिपोर्ट वाचा. वडिलांच्या ट्रॅक्टरच्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही दिसतं, आणि थकलं असेल तर तुमची दुचाकी तिथेच अडते. ॲपचा रंगीत काटा हे कधी सांगत नाही.

ॲप काढून टाकलं, तरी फोन थांबत नाहीत

कारण मोबाईलमधून ॲप काढल्याने तुम्ही दिलेली संमती रद्द होत नाही. ॲप पुन्हा टाका, प्रोफाइलमध्ये जाऊन आधी संमती मागे घ्या, मग खातं आणि माहिती पुसण्याची विनंती करा, आणि शेवटी ॲप काढा. तसा पर्याय सापडला नाही तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा.

एखादं ॲप खरोखर कोणत्या बँकेशी किंवा फायनान्स कंपनीशी जोडलेलं आहे ते पाहायला रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज ॲपची यादी आहे. यादीतली माहिती कर्ज देणाऱ्या कंपन्यांनीच भरलेली असते, म्हणून यादीत नाव असणं म्हणजे रिझर्व्ह बँकेची शिफारस समजू नका. नाव नसताना कर्ज देतो म्हणणाऱ्या ॲपपासून मात्र लांब राहा. पैसे उकळले किंवा धमकावलं तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

रिपोर्टमध्ये तुम्ही कधीच न मागितलेल्या कर्जाची चौकशी किंवा खातं दिसलं, तर त्याच रिपोर्ट कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तरीही दाद लागली नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्या पोराच्या तीन चौकश्या मात्र अशा पुसता येणार नाहीत, कारण संमती त्याने स्वतः दिली होती. त्यांचा भार काही महिन्यांनी कमी होतो. तोवर कुठेही नवा अर्ज न करता मोबाईलचे उरलेले हप्ते वेळेवर भरायचे आणि दुचाकीसाठी पगाराचं खातं असलेल्या बँकेतच विचारायचं, असं आमचं ठरलं.