ताप उतरलेला डेंग्यूचा पेशंट आणि केस प्रेझेंटेशनमधले प्रश्न

आमच्याकडच्या नर्सिंगच्या मुली केस प्रेझेंटेशनला डेंग्यू हमखास घेतात, पण तयारी करतात ती तापाची. परीक्षक मात्र ताप उतरल्यानंतरचं विचारतात.

अशी केस समजा. 26 वर्षांची बाई, तापाचा पाचवा दिवस. सकाळपासून ताप 99, काल 103 होता. बीपी 100/84, नाडी 114, हातपाय गार. पोटात दुखतंय, तीन उलट्या झाल्यात, सहा तासांत लघवी नाही. हिमॅटोक्रिट 40 वरून 49 वर गेलंय, प्लेटलेट 38,000.

पहिला प्रश्न येतो, ‘बीपी 100 आहे, मग काळजी कसली?’ इथे वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. फरक फक्त 16 येतो. तो 20 किंवा त्याहून कमी झाला आणि हातपाय गार असले, तर पेशंट शॉकमध्ये आहे, मग वरचा आकडा कितीही बरा दिसो. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, म्हणून रक्त घट्ट होतं आणि हिमॅटोक्रिट चढतं. हे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की पुढचे प्रश्न सोपे जातात.

मग विचारतात, ‘आधी काय कराल?’ केस शीटवर पहिलं नर्सिंग डायग्नोसिस ‘ताप’ लिहिलेलं असेल तर ते खाली घ्या. शरीरातल्या द्रवाची कमतरता वर येते. डॉक्टरांना लगेच कळवायचं, आणि ‘पेशंट बरी वाटत नाही’ असं मोघम नाही, तर वरचे आकडे सांगून. मोठ्या गेजचा कॅन्युला, ऑर्डरप्रमाणे सलाईन, दर 15 मिनिटांनी नाडी-बीपी, लघवीचं माप. स्पंजिंग आत्ता थांबू शकतं. प्लेटलेट कमी आहेत, तेव्हा स्नायूत इंजेक्शन टाळायचं.

संवादावरचा प्रश्न बहुतेक सासूच्या तोंडचा असतो: ‘सिस्टर, ताप गेला ना, घरी कधी सोडणार?’ ‘काळजी करू नका’ या उत्तराला मी मार्क देत नाही. असं म्हणा: ‘मावशी, ताप उतरला तरी पुढचे एक-दोन दिवस जपायचे आहेत. पोटदुखी वाढली, उलटीत रक्त दिसलं, काळी शी झाली किंवा ती सुस्त वाटली, तर रात्री दोनलासुद्धा मला हाक मारा.’ मग त्यांनाच विचारा, कशासाठी हाक मारणार? त्यांनी सांगितलं, तर कळलं. पपईच्या पानांचा रस पाजलाय का, तेही न रागावता विचारा. रागावलात तर लपवतील, आणि तुमचा इनटेक चार्ट चुकेल.

शेवटी विचारतात, ‘उपचार लागू पडतोय हे कशावरून?’ हात उबदार, बीपीतला फरक वाढलेला, लघवी ताशी किलोमागे अर्धा मिली तरी. नंतर तेच झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं. तेव्हा सलाईन तसंच चालू राहिलं तर धाप लागते. म्हणून सलाईन कमी करायची वेळ ओळखण्यासाठी श्वासाची गती मोजत राहायची.