लाल आणि हिरवा डोळ्याला वेगळे कसे कळतात: वर्गात दहा मिनिटांत कसे समजवावे

डोळ्यातल्या शंकुपेशी शिकवताना फळ्यावर बहुतेक वेळा तीन सुटे डोंगर काढले जातात: एक निळा, एक हिरवा, एक लाल. सोबत एक वाक्य येते, ‘लाल शंकुपेशी लाल रंग ओळखतात, हिरव्या हिरवा.’ मुले ते लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि मूळ गोष्ट त्यांच्या हातून कायमची निसटते. कोणतीच एकटी शंकुपेशी रंग ओळखू शकत नाही. रंग कळतो तो दोन पेशींच्या उत्तरांतल्या फरकातून. दहा मिनिटांत एवढी एकच गोष्ट मुलांच्या हाती द्यायची आहे, आणि त्यासाठी दोन विद्यार्थी, पाच कार्डे आणि फळा पुरतो. सातवी-आठवीच्या पुढच्या कोणत्याही वर्गात हे करता येते.

पहिली पायरी: दोनच वक्र, तेही एकमेकांवर चढलेले

फळ्यावर आडवी रेघ ओढून डावीकडे 400 आणि उजवीकडे 700 लिहा. ही प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये. 530 च्या आसपास ‘हिरवा’, 580 जवळ ‘पिवळा’ आणि 620 जवळ ‘लाल’ असे लिहा. मग दोन वक्र काढा. वक्राची उंची म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश ती पेशी किती पकडते. मध्यम तरंगलांबीच्या शंकुपेशीचा वक्र 540 च्या जवळ टोक गाठतो, तिला आपण ‘एम’ म्हणू. लांब तरंगलांबीवाली ‘एल’ 570 च्या जवळ टोकाला जाते. काही पुस्तकांत हे आकडे 530 आणि 560 असे दिसतील. ते पेशीतल्या नुसत्या रंगद्रव्याचे आहेत. डोळ्याच्या भिंगातून गाळून आत येणारा प्रकाश हिशेबात धरला की दोन्ही टोके थोडी उजवीकडे सरकतात.

दोन्ही वक्र जवळजवळ एकमेकांवर बसले पाहिजेत, टोकांत जेमतेम 30 नॅनोमीटरचे अंतर. जिला सर्रास ‘लाल शंकुपेशी’ म्हणतात त्या एलचे टोक लाल रंगात नसून पिवळसर हिरव्यात आहे, हे मुलांना बोट ठेवून दाखवा. वर्गात इथे हमखास चुळबुळ होते. ती होऊ द्या, कारण ‘मग लाल कळतो तरी कसा?’ हा प्रश्न आता मुलांचा स्वतःचा झालेला असतो.

तिसऱ्या, लहान तरंगलांबीच्या शंकुपेशीचा नुसता उल्लेख करा. हिरव्यापासून लालपर्यंतच्या पट्ट्यात ती जवळपास गप्प असते, म्हणून आजच्या गोष्टीत तिला काम नाही.

दुसरी पायरी: एकटी पेशी काय सांगू शकते

शंकुपेशीतल्या रंगद्रव्याच्या रेणूने प्रकाशाचा एक कण शोषला की त्या रेणूचा आकार बदलतो आणि पेशीतून संदेश जातो. तो कण 530 चा होता की 620 चा, याची खूण मागे उरत नाही. तरंगलांबीवर एवढेच ठरते की कण शोषला जाण्याची शक्यता किती. एकदा शोषला गेला की सगळे कण सारखेच. म्हणून पेशीकडे सांगायला एकच आकडा असतो: किती प्रकाश पकडला.

हे तोंडी सांगून अर्ध्या वर्गाला कळते, खेळून दाखवले की जवळजवळ सगळ्यांना. पाच कार्डे आधीच करून ठेवा. प्रत्येकावर प्रकाशाचे नाव आणि खाली दोन आकडे लिहा. प्रत्येक वक्राचे टोक 100 धरले आहे आणि शिकवण्यासाठी आकडे गोल केले आहेत.

- हिरवा, 530: एल 80, एम 95
- लाल, 620: एल 40, एम 7
- लाल, 620, दुप्पट तेजस्वी: एल 80, एम 14
- हिरवा, 530, निम्मा मंद: एल 40, एम 48
- पिवळा, 580: एल 97, एम 65

दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलवा, एक एल आणि दुसरा एम. कार्ड त्या दोघांनाच दिसले पाहिजे. बाकीचा वर्ग म्हणजे मेंदू, त्याला फक्त ऐकू येणार आहे.

सुरुवातीला एमला गप्प ठेवा आणि पहिले कार्ड दाखवा. एल म्हणतो, ‘80.’ मग तिसरे दाखवा. एल पुन्हा म्हणतो, ‘80.’ वर्गाला विचारा, यातला लाल कोणता? थोडा वेळ द्या. अंदाज येतील, वादही होतील, पण खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. आता दुसरे आणि चौथे कार्ड दाखवा. दोन्ही वेळा ‘40.’ कार्डे उघडून दाखवली की मुलांना दिसते की साधा हिरवा आणि तेजस्वी लाल एलच्या लेखी हुबेहूब सारखे आहेत. इथे घाई करू नका. पुढचे सगळे या गोंधळावर उभे आहे.

तिसरी पायरी: दुसऱ्या पेशीला बोलू द्या

तीच कार्डे पुन्हा, या वेळी दोघांनीही आकडा सांगायचा. ‘80 आणि 95.’ ‘80 आणि 14.’ आता लहान मूलही फरक सांगेल. मग वर्गाला नियम शोधायला लावा. थोड्या प्रयत्नाने कुणीतरी म्हणेल की लालमध्ये एल एमच्या बराच पुढे असतो आणि हिरव्यात एम थोडा पुढे असतो. भागाकार करून घ्या. लालच्या दोन्ही कार्डांत एल एमच्या सुमारे पावणेसहा पट आहे, प्रकाश मंद असो वा दुप्पट. हिरव्याच्या दोन्ही कार्डांत एल एमपेक्षा कमीच आहे. तेज बदलले की दोन्ही आकडे एकत्र वरखाली होतात, त्यांचे गुणोत्तर मात्र जागचे हलत नाही.

मग सांगा की ही तुलना मेंदूपर्यंत थांबतही नाही. दृष्टिपटलातच पुढच्या थरात अशा चेतापेशी आहेत, ज्यांना एका प्रकारच्या शंकुपेशीचा संदेश उत्तेजित करतो आणि दुसऱ्या प्रकारचा दाबून धरतो. दृक्‌चेतेतून बाहेर पडते ते ‘एल वजा एम’ अशा धर्तीचे उत्तर. वजाबाकी एका वेळी अधिक तरी असते किंवा उणे तरी. म्हणूनच ‘निळसर हिरवा’ किंवा ‘पिवळसर लाल’ आपण सहज डोळ्यांसमोर आणतो, पण ‘लालसर हिरवा’ कुणालाच आणता येत नाही. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो, त्याला एक मिनिट जरूर द्या.

चौथी पायरी: पिवळ्याची परीक्षा

समज खरी आहे की नाही हे पिवळ्याने तपासता येते. पाचवे कार्ड दाखवा: 97 आणि 65. आता फळ्यावर बेरीज करा. हिरवा प्रकाश 0.6 पट घेतला तर एल 48, एम 57. लाल 1.25 पट घेतला तर एल 50, एम 9. दोन्ही एकाच जागी पाडले तर एकूण एल 98, एम 66. शुद्ध पिवळ्याच्या आकड्यांशी हे जवळजवळ जुळते. दृष्टिपटलाकडे हे दोनच आकडे असल्यामुळे लाल-हिरव्याचे मिश्रण आणि शुद्ध पिवळा प्रकाश त्याला वेगळे ओळखताच येत नाहीत, मग डोळे कितीही निरोगी असोत.

पुरावा मुलांच्या ओळखीचा आहे. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण पिवळे चित्र लावा आणि चांगल्या भिंगातून पाहा. तिथे पिवळा ठिपका एकही सापडत नाही, फक्त लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले दिसतात. पडद्यातले लाल-हिरवे आपल्या कार्डांइतके शुद्ध नसतात, पण तत्त्व तेच. साधे हातभिंग बहुधा कमी पडते, दहापट मोठे दाखवणारे घ्या आणि आदल्या दिवशी स्वतः पाहून ठेवा.

रंगाच्या ट्यूब मिसळून हे दाखवायला जाऊ नका. रंगद्रव्ये मिसळली की प्रत्येक जण प्रकाशाचा आपापला वाटा शोषून घेतो, त्यामुळे लाल आणि हिरव्यापासून मळकट तपकिरी तयार होतो आणि आतापर्यंतचे सगळे बोलणे खोटे वाटू लागते.

पाचवी पायरी: एमला खाली बसवा

आता एमला जागेवर पाठवा आणि पहिले व तिसरे कार्ड परत दाखवा. फक्त ‘80’ आणि ‘80’. ज्यांच्या डोळ्यांत एम शंकुपेशी काम करत नाहीत, त्यांना लाल-हिरव्यात नेमकी हीच अडचण येते. त्यांना जग काळे-पांढरे दिसत नाही. लहान तरंगलांबीची शंकुपेशी शाबूत असते, त्यामुळे निळा आणि पिवळा त्यांना चांगले वेगळे दिसतात.

एम अजिबात नसण्यापेक्षा जास्त आढळतो तो दुसरा प्रकार: एम असते, पण तिचा वक्र एलच्या आणखी जवळ सरकलेला असतो. यासाठी एमच्या जागी नवा विद्यार्थी उभा करा आणि त्याला एलच्या जवळपासचे आकडे द्या, उदाहरणार्थ हिरव्याला 84 आणि तेजस्वी लालला 60. हे दोन आकडे फक्त खेळापुरते आहेत. फरक अजून कळतो, पण अंधुक. उजेड कमी असेल किंवा वस्तू लहान असेल तर चुकतोही.

एल आणि एम या दोन्ही रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. म्हणूनच त्यांची अदलाबदल होताना गडबड होते. मुलग्यांकडे एक्स एकच असल्याने त्यांच्यात हा दोष जास्त दिसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे 8 टक्के आहे, स्त्रियांत सुमारे 0.5 टक्के.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ठिपक्यांत लपलेल्या अंकांच्या चकत्या वर्गात सर्वांसमोर दाखवून ‘कुणाला दिसत नाही?’ असे विचारू नका. तुमच्या समोर असे एखादे मूल बसलेले असण्याची शक्यता चांगलीच आहे आणि त्याला ते त्याच क्षणी, सगळ्यांच्या देखत कळणे बरे नाही. याच कारणाने फळ्यावरचे दोन वक्रही नुसत्या लाल-हिरव्या खडूने वेगळे करू नका. एक सलग रेघेने आणि दुसरा तुटक रेघेने काढा.

कळले की नाही, कसे ओळखावे

‘शंकुपेशींचे प्रकार किती?’ या प्रश्नाच्या उत्तरातून काही कळत नाही. त्याऐवजी विचारा: रात्री नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात वस्तू दिसतात, पण रंग का दिसत नाहीत? एवढ्या मंद उजेडात शंकुपेशी काम करत नाहीत, फक्त दंडपेशी करतात, आणि दंडपेशींचा प्रकार एकच असतो, एवढी माहिती द्या आणि गप्प बसा. ज्याला कार्डांचा खेळ समजला तो स्वतःच म्हणेल की आकडा एकच येतो आणि तुलना करायला दुसरा नाही. ‘दंडपेशींना रंगांची जाण नसते’ असे पाठ केलेले उत्तर आले, तर दुसरी पायरी पुन्हा घ्या. त्या वेळी एलच्या जागी दुसरा विद्यार्थी उभा करा आणि त्याला दंडपेशी म्हणा.